‘म्हणजे’ काढताना

दिवाळी अंकात एखाद्या गायिकेचा, सर्जनचा किंवा कारखानदाराचा ‘मी’ने सुरू होणारा लेख आपण वाचतो. लेख संपतो आणि अगदी खाली, बारीक टायपात एक ओळ दिसते : ‘शब्दांकन : अमुक अमुक’. इतका वेळ जो ‘मी’ आपल्याशी बोलत होता, त्याने यातलं एकही वाक्य लिहिलेलं नाही, हे तेव्हा कळतं. तो बोलला होता. लिहिलं दुसऱ्याच कुणीतरी.

वाचक म्हणून आपल्याला याचं फारसं काही वाटत नाही. बोलणारा बोलला, लिहिणाऱ्याने नीट लिहून काढलं, यात वाईट काय? मलाही वाटत नव्हतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, छत्रपती संभाजीनगरात राहतो आणि हौस म्हणून अधूनमधून लिहितो. गेल्या वर्षी शहरातल्या एका व्यावसायिक संघटनेच्या स्मरणिकेसाठी मी एका ज्येष्ठ टूलमेकरांची मुलाखत घेतली आणि तिचा लेख केला. त्या कामात एक प्रश्न समोर आला. तो साहित्याचा आहे की नीतीचा, हे मला आधी कळेना. आता वाटतं, तो पूर्णपणे नीतीचा आहे : बोललेलं नीट करताना आपण नेमकं काय नीट करतो, आणि कुणासाठी?

तीन करार

एकाच मुलाखतीचे तीन प्रकारचे लेख होऊ शकतात. पहिला प्रकार प्रश्नोत्तरांचा. त्यात प्रश्न माझा, उत्तर त्यांचं आणि मधली रेघ स्पष्ट असते. दुसरा प्रकार शब्दांकनाचा. त्यात मी गायब होतो आणि ‘मी’ म्हणजे ते, बोलणारे. तिसरा प्रकार व्यक्तिचित्राचा. त्यात ‘ते’ असतात, कथन माझं असतं आणि मध्ये मध्ये अवतरणचिन्हांत त्यांची वाक्यं येतात.

प्रत्येकात वाचकाशी वेगळा करार आहे. प्रश्नोत्तरांत वाचक धरून चालतो की हे साधारण असंच बोललं गेलं. शब्दांकनात तो धरतो की शब्द इकडचे तिकडे झाले असतील, पण सांगणाऱ्याला हे मान्य आहे. व्यक्तिचित्रात मात्र करार वाक्यागणिक बदलतो. अवतरणाबाहेरच्या वाक्याची जबाबदारी माझी असते, आतल्याची त्यांची. त्या दोन छोट्या चिन्हांनी जबाबदारी एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते.

मराठीतलं शब्दांकनाचं सगळ्यात धीट उदाहरण म्हणजे अभिनेत्री हंसा वाडकर यांचं ‘सांगत्ये ऐका’. त्यांनी ते अरुण साधूंना सांगितलं. साधू तेव्हा तरुण पत्रकार होते. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ नंतरची. हे कथन ‘माणूस’मधून आलं आणि १९७० मध्ये पुस्तक झालं. पुढच्याच वर्षी हंसाबाई गेल्या. १९७७ साली श्याम बेनेगलांनी त्यावरून ‘भूमिका’ काढला. पुस्तकाचं नाव हंसाबाईंच्या १९५९ च्या गाजलेल्या तमाशापटावरून घेतलेलं आहे. त्या नावात सांगणारी आहे आणि ऐकणारा आहे. लिहिणारा नाही.

आज ते पुस्तक वाचताना एक गोष्ट चटकन जाणवते. लग्न, दारू, पुरुष, घर सोडून जाणं, हे सगळं त्यात समर्थन न करता सांगितलं आहे. एखाद्या सराईत हाताने त्याला सहज ‘संघर्षातून घडलेली अभिनेत्री’ असा आकार दिला असता. प्रत्येक वाईट प्रसंगानंतर एक धडा चिकटवला असता. तसं झालेलं नाही. त्या बोलण्यातलं काय वगळलं गेलं ते आपल्याला दिसू शकत नाही, कारण आपल्या हातात फक्त पुस्तक आहे. पण धडे चिकटवलेले नाहीत, एवढं दिसतं. हे न चिकटवणं ही शब्दांकनातली मोठी गोष्ट आहे, हे मला माझ्या छोट्या लेखाच्या निमित्ताने समजलं.

फालतू शब्द कोणते?

माझं रेकॉर्डिंग ७८ मिनिटांचं होतं. हेडफोन लावून, थांबवत, मागे नेत ते टाइप करायला मला साधारण सात तास लागले. शब्द भरले नऊ हजारांच्या आसपास. स्मरणिकेत जागा होती बाराशे शब्दांची. म्हणजे सातातले सहा शब्द जाणारच होते. प्रश्न एवढाच होता, की कोणते.

सुरुवात सोपी असते. बोलताना आपण सगळेच वाक्यं अर्धवट सोडतो, ‘ते आपलं’, ‘काय म्हणतात त्याला’, ‘बरं का’ म्हणतो. हे सगळं काढलं तर बोलणाऱ्याचं काहीच जात नाही. उलट ठेवलं तर त्याच्यावर अन्याय होतो. कानाला जे सहज वाटतं, तेच कागदावर गोंधळलेलं दिसतं. समोर बसून ऐकताना ते मला हुशार आणि मुद्देसूद वाटले होते. त्याच बोलण्याचा कच्चा मजकूर वाचला तर कुणालाही वाटेल की या माणसाला विचार धड मांडता येत नाही. तेव्हा जसंच्या तसं छापणं हाच प्रामाणिकपणा, हे खरं नाही.

विस्कळीत माहिती एकत्र आणणंही याच जातीचं. पंच आणि डाय यांच्यात किती फट ठेवायची, हे त्यांनी तीन वेगवेगळ्या वेळी सांगितलं. पंच म्हणजे वरून येऊन पत्रा कापणारा भाग, डाय म्हणजे खालचा, ज्यात तो उतरतो. चौदाव्या मिनिटाला ते म्हणाले की फट पत्र्याच्या जाडीवर ठरते. चाळिसाव्याला म्हणाले की कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं की कळतं. कडेला टोचरी कोर उभी राहिली असेल तर फट चुकली आहे किंवा धार गेली आहे. सत्तराव्याला म्हणाले, ‘एक मिलिमीटर साध्या पत्र्याला एका बाजूला पाच-सहा शतांश, अंदाजे, पत्र्यावर असतं.’ हे तिन्ही तुकडे मी एका परिच्छेदात जोडले. त्यात त्यांचं काही बदललं नाही.

मात्र इथेच पहिली अडचण आली. ‘अंदाजे, पत्र्यावर असतं’ हे मी काढणार होतो. ‘पाच शतांश मिलिमीटर’ कसं नेमकं आणि तज्ज्ञासारखं वाटतं! पण ते ‘अंदाजे’ म्हणजे त्यांचं अज्ञान नव्हतं. पत्र्याचा कडकपणा गठ्ठ्यागणिक बदलतो, हे चाळीस वर्षं पाहिलेला माणूसच तसं म्हणतो. नवशिका पुस्तकातला आकडा बेधडक सांगतो. मी ‘अंदाजे’ उडवलं असतं तर अनुभवी कारागिराला नवशिक्यासारखं बोलायला लावलं असतं, आणि वाचकाला तो जास्तच हुशार वाटला असता.

आमच्या क्षेत्रात यासारखी एक गोष्ट आहे. एमपीथ्री फाइल लहान होते, कारण माणसाच्या कानाला जे ऐकू येणार नाही ते ती टाकून देते. काय ऐकू येणार नाही, हे आधी कुणीतरी ठरवलेलं असतं. संपादन करताना ते ठरवणारा मी असतो, आणि ज्याला मी खरखर समजतो तो कधीकधी सूर असतो.

सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द होता ‘म्हणजे’. दोनशेच्या वर भरला. तो सरसकट काढणं शक्य होतं. एडिटरमध्ये शोधा, काढा, झालं. पण मराठीतला हा शब्द दोन अगदी वेगळी कामं करतो. कधी तो नुसता श्वास घ्यायला वापरला जातो. आणि कधी तो दुरुस्ती असतो : आत्ता जे बोललो ते बरोबर नव्हतं, आता बरोबर सांगतो. फरक ओळखायची एक साधी युक्ती मला सापडली. ‘म्हणजे’च्या आधीचं आणि नंतरचं वाक्य शेजारी ठेवायचं. दोन्ही एकच सांगत असतील तर शब्द बिनधास्त काढावा. दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा वेगळं काही सांगत असेल तर थांबावं. तिथे माणूस स्वतःशी काहीतरी करतो आहे.

एकतिसावं मिनिट

ते तसं करत होते ती जागा रेकॉर्डिंगमध्ये एकतिसाव्या मिनिटाला आहे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. चिकलठाणा एमआयडीसीत त्यांचं छोटं शेड होतं, त्यात एक दहा टनी पॉवर प्रेस. कच्च्या मजकुरात असं आहे :

‘मग ते पोरगं... त्याचं बोट गेलं ना. प्रेसवर. त्या दिवशी काय झालं, गार्ड काढलेलं होतं. म्हणजे, काढलं होतं आम्ही. काम उरकू नाही राहिलं ना, दुसऱ्या दिवशी गाडी लोड करायची होती. म्हणजे... मीच म्हटलं होतं, काढ म्हणून. तर मग... हां. मग दवाखान्यात नेलं. सगळा खर्च केला आपण. (थांबतात.) चहा घे ना, थंड होऊ राहिला.’

ज्यांनी अशी प्रेस पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. जुन्या यांत्रिक क्लचच्या प्रेसमध्ये पायाने पेडल दाबलं की क्लच धरतो, आणि वरचा भाग खाली येऊन पुन्हा वर जाईपर्यंत मध्ये थांबत नाही. पेडलवरून पाय उचलला तरी नाही. म्हणून हात आत जाऊच नये यासाठी समोर गार्ड, म्हणजे जाळीचा आडोसा असतो. तो असला की तुकडा चिमट्याने आत सरकवावा लागतो आणि तासाला नग कमी निघतात. गार्ड काढलं की वेग वाढतो, आणि मग माणूस आणि अपघात यांच्यात फक्त माणसाचं लक्ष उरतं.

आता त्या बोलण्यातली क्रियापदं पाहा. आधी ‘गार्ड काढलेलं होतं’. कुणी काढलं, पत्ता नाही. मराठीत हे फार सोयीचं आहे, कर्ता न सांगताही वाक्य पूर्ण वाटतं. मग ‘म्हणजे’ आणि ‘काढलं होतं आम्ही’. कर्ता आला, पण गर्दीत मिसळून. मग पुन्हा ‘म्हणजे’ आणि ‘मीच म्हटलं होतं’. तीन वाक्यांत ते कुणीच नाही इथून मी इथपर्यंत आले. आणि लगेच ‘खर्च केला आपण’ म्हणून परत मागे गेले. आमच्याकडे ‘आपण’ हा ‘मी’साठी सर्रास वापरतात, त्यात लपवाछपवी असतेच असं नाही. पण इथे तो कुठून कुठे आला, हे ऐकू येतं.

स्मरणिकेच्या नेहमीच्या साच्यात हा परिच्छेद बसवला तर तो असा होईल. मी मुद्दाम तसा लिहून पाहिला :

‘सुरुवातीच्या काळात प्रेसवर झालेल्या एका दुर्दैवी अपघाताने ते हादरले. जखमी सहकाऱ्याच्या उपचारांचा संपूर्ण खर्च त्यांनी उचलला आणि पुढे गार्ड उघडं असताना प्रेस चालूच होणार नाही अशी यंत्रणा स्वतः विकसित करून प्रत्येक मशीनवर बसवली.’

यातला एकेक भाग वेगळा काढून तपासला तर त्यात खोटं फारसं सापडत नाही. अपघात झाला होता. खर्च त्यांनी केला होता. लिमिट स्विच लावून गार्डला क्लचशी जोडायची रचना त्यांनी खरंच केली होती, आणि ती चांगली होती. पण ती गोष्ट टेपवर एकतिसाव्या मिनिटाला नाही, बावन्नाव्या मिनिटाला आहे. तिथे त्यांनी कारणही सांगितलं आहे : एका मोठ्या ग्राहक कंपनीचा ऑडिटर आला, त्याने गार्डशिवाय माल घेणार नाही म्हटलं, म्हणून केलं. अपघाताला तेव्हा काही वर्षं झाली होती. मी मधली एकवीस मिनिटं काढली आणि ‘आणि पुढे’ हे दोन शब्द घातले. एवढ्याने एका अपघाताचा पश्चात्ताप झाला आणि पश्चात्तापाचा शोध झाला. टेपवर असं काही नाही. खरी वाक्यं शेजारी ठेवून खोटी गोष्ट तयार होते ती अशी. ती तयार करायला कुणाचा हेतू वाईट असावा लागत नाही. लेखाला ओघ हवा, एवढी इच्छा पुरते.

कोर्टाने काय म्हटलं

बोललेलं किती बदलावं, हा प्रश्न एकदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. जेफ्री मॅसन हे आधी टोरांटोत संस्कृतचे प्राध्यापक होते, मग मनोविश्लेषक झाले आणि फ्रॉइडच्या कागदपत्रांच्या संग्रहात काम करू लागले. तिथून त्यांना काढण्यात आलं. पत्रकार जॅनेट माल्कम यांनी त्यांच्याशी चाळीसहून जास्त तास बोलणं टेप केलं आणि १९८३ मध्ये ‘द न्यू यॉर्कर’मध्ये त्यांच्यावर दीर्घ लेख लिहिला. मॅसन यांनी दावा लावला : अवतरणचिन्हांत माझ्या तोंडी घातलेली काही वाक्यं मी बोललोच नव्हतो.

१९९१ च्या निकालात न्यायालयाने एक कसोटी दिली. कुणी बोलतं तसं छापता येत नाही, शब्द बदलावेच लागतात, हे न्यायालयाने मान्य केलं. शब्द बदलले म्हणून अवतरण आपोआप खोटं ठरत नाही; बदलामुळे अर्थात ठोस फरक पडला तर ठरतं. मॅसन यांनी आपलं मधलं नाव का बदललं, याचं एक उत्तर लेखात होतं : ते जास्त चांगलं वाटलं म्हणून. टेपवर होतं : मला आवडलं म्हणून. न्यायालयाने हा फरक किरकोळ मानला. दुसऱ्या जागी लेखात त्यांनी स्वतःला बौद्धिक जिगोलो म्हटलेलं होतं. टेपवर जवळपासचं वाक्य इतकंच होतं, की त्या मोठ्या विश्लेषकांच्या उतरंडीत मी फार कनिष्ठ होतो. हा फरक ज्यूरीने तपासण्याइतका मोठा आहे, असं न्यायालय म्हणालं. पुढे १९९४ साली ज्यूरीने माल्कम यांच्या बाजूने कौल दिला, पण कसोटी टिकली.

ही कसोटी मला आवडते, कारण ती शब्दांवर नाही, अर्थावर बोट ठेवते. तिच्यामुळे एक छोटी गोष्टही सुटली. ते रेकॉर्डिंगमध्ये सगळीकडे ‘औरंगाबाद’ म्हणतात. अवतरणात मी तेच ठेवलं, कारण ते तसं बोलले. माझ्या कथनात शहराचं आजचं नाव लिहिलं. ‘उरकू नाही राहिलं’चं काय करायचं, तेही असंच ठरवलं. स्मरणिकेत डॉक्टर आणि आर्किटेक्टही होते. त्यांच्या बोलण्यातलं अर्धं इंग्रजी गाळून शुद्ध मराठी करायची आणि टूलमेकरची बोली तेवढी ‘अस्सल’ म्हणून राखायची, यात मजकूर खरा राहतो, पण वागणूक दोन प्रकारची होते. मी बोली ठेवली; शहाण्या साहेबांच्या लेखांतही त्यांचं बोलणं ठेवा, असं संपादकांना सुचवलं.

पण एकतिसाव्या मिनिटाला ही कसोटी अपुरी पडते. कोर्टात कोण जातं? ज्याची बदनामी झाली तो. माझ्या गुळगुळीत परिच्छेदात टूलमेकरांची बदनामी नव्हती, उलट स्तुती होती. स्वतःच्या स्तुतीविरुद्ध कुणी दावा लावत नाही. आणि व्यावसायिकांवरचे बहुतेक लेख नेमके याच दिशेने चुकतात. तिथे खोटं बोलणाऱ्याला झुकतं माप देतं, म्हणून ते कुणाला बोचत नाही आणि पकडलंही जात नाही.

मग त्याने नुकसान कुणाचं होतं? वाचकाचं थोडं होतं. पण खरं नुकसान त्या पोराचं होतं. मुलाखतीच्या खोलीत तो नव्हता. त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याची बोटं त्या लेखात दुसऱ्याच्या यशाची एक पायरी होणार होती. बोलणारा आणि लिहिणारा हे दोघं संमतीने लेख करतात. गोष्टीतली तिसरी माणसं संमती न देता त्यात येतात. एखाद्या लेखाशी आपण प्रामाणिक आहोत का, हे बोलणाऱ्याच्या समाधानावरून ठरवता येणार नाही. त्या तिसऱ्या माणसाने तो वाचला तर त्याला काय वाटेल, हे पाहावं लागेल.

गाळणं आणि वळवणं

छापण्याआधी बोलणाऱ्याला मजकूर दाखवावा का, यावर पत्रकारांत मतभेद आहेत. राजकारण्याला दाखवू नये, हे मला पटतं. तो स्वतः सत्तेवर असतो आणि सगळं गुळगुळीत करून घेईल. पण हयातभर काम केलेल्या, कधी छापून न आलेल्या माणसाला दाखवावं असं मला वाटतं. मी त्यांना तो भाग पाठवला. गुळगुळीत नव्हे, दुसरा. त्यात तिन्ही क्रियापदं होती.

त्यांचा फोन आला. ‘बेटा, छान लिहिलं. ते गार्डचं तेवढं काढून टाक.’

मी म्हटलं, ‘काका, काढतो. पण मग अपघातच काढू. आणि लिमिट स्विचचं ऑडिटरच्या कारणासकट ठेवू.’

हा भेद मला महत्त्वाचा वाटतो. एखादी गोष्ट सांगू नका म्हणायचा त्यांना हक्क होता. माणसाने आयुष्यातलं सगळं स्मरणिकेला द्यावं असा नियम नाही. बाराशे शब्दांत तसंही सगळं येत नाही, आणि गाळलेल्या गोष्टीबद्दल लेख काही दावा करत नाही. पण अपघात ठेवायचा, गार्ड कुणी काढलं ते गाळायचं आणि खर्च केल्याचं ठेवायचं, हे गाळणं नाही. ते वळवणं आहे. पूर्ण मौन चालेल. अर्धं मौन आणि अर्धं श्रेय एकत्र चालणार नाही.

यावर एक आक्षेप घेता येईल आणि तो हलका नाही. ते माझ्यासमोर सहज बोलून गेले. चहा पिताना, ओळखीच्या पोराशी बोलावं तसं. तो कबुलीजबाब नव्हता. बोलता बोलता निसटलेली गोष्ट पकडून तिची दुरुस्तीसुद्धा छापणं, हा विश्वासघात नाही का? असू शकतो. म्हणूनच आधी दाखवणं गरजेचं आहे आणि पूर्ण गाळण्याची वाट खरोखर उघडी ठेवणं गरजेचं आहे. पण निसटलेलं म्हणून ते कमी खरं होत नाही. त्यांनी दोनदा ‘म्हणजे’ म्हणून स्वतःला थांबवलं होतं. जे नुसतं निसटतं ते माणूस दुरुस्त करत बसत नाही.

दोन दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन आला. म्हणाले, ठेव. पण त्या पोराला विचारतो आधी. ‘पोरगं’ आता पन्नाशीचं आहे आणि वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतं. त्यांची गाठभेट होत असते, हे मला तेव्हाच कळलं. काकांनी त्याला तो परिच्छेद वाचून दाखवला. त्याने नाव घालू नका म्हटलं. आणि एकच दुरुस्ती सांगितली. शेठ नेहमी ‘बोट गेलं’ म्हणतात. बोटं गेली. दोन.

मी टेप पुन्हा ऐकली. त्यात सगळीकडे ‘बोट’च आहे, एकवचनी. काका खोटं बोलत नव्हते. इतकी वर्षं ते वाक्य बोलून बोलून त्यांच्याकडे एकच बोट उरलं होतं. टेपशी मजकूर ताडून पाहणं हे मी प्रामाणिकपणाचं शेवटचं टोक समजत होतो. टेपवर बोलणाऱ्याची आठवण असते, झालेली गोष्ट नसते. ती चूक टेप कितीही वेळा ऐकून सापडली नसती. ती सापडायला ज्याचा हात होता त्यालाच विचारावं लागलं.

छापून आलेला परिच्छेद असा आहे :

‘एका रात्री त्यांच्या शेडमधल्या मदतनिसाची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. “गार्ड काढलं होतं आम्ही,” ते सांगतात. मग स्वतःच दुरुस्त करतात, “मीच म्हटलं होतं, काढ म्हणून.” दुसऱ्या दिवशी माल पाठवायचा होता आणि काम उरकत नव्हतं. उपचारांचा खर्च त्यांनी केला. गार्ड उघडं असताना प्रेस चालूच होऊ नये अशी रचना त्यांनी काही वर्षांनी केली, एका ग्राहक कंपनीच्या ऑडिटरने अट घातली तेव्हा.’

ओघ तुटतो, हे मला दिसतं. शेवटचं वाक्य लंगडतं. वाचणाऱ्याला त्यात धडा हवा असतो आणि तो मिळत नाही. पण यातलं प्रत्येक वाक्य कुणाच्या नावावर आहे ते स्पष्ट आहे. दोनशेपैकी एकही ‘म्हणजे’ लेखात उरलेला नाही. त्यातल्या एकाची जागा ‘मग स्वतःच दुरुस्त करतात’ या चार शब्दांनी घेतली आहे.